वल्ह्याचा ठेका आणि आठवणीतले पालुपद : नाखव्यांचे गाणे ओळखावे कसे?

किनाऱ्यावरच्या अनेक घरांत एखादे वयोवृद्ध माणूस असे असते, की ज्याला लहानपणी होडीत ऐकलेले गाणे पुरते आठवत नाही. आठवते ते केवळ पालुपद, दोन-तीन शब्दांचे किंवा नुसत्या हुंकारांचे, आणि ते म्हणताना आपोआप मागेपुढे झुलू लागणारे अंग. घरची तरुण मंडळी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात आणि मग प्रश्न उभा राहतो, की हे गाणे नेमके कोणते? ते खरोखर वल्हवताना गायले जात होते, की लग्नात, नाटकात किंवा रेडिओवर ऐकलेले कोळीगीत स्मृतीत होडीपाशी येऊन बसले आहे?

या प्रश्नाला मुदत आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांचा प्रसार मुख्यतः गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. इंजिन आले तसे वल्ह्यांचे काम उरले नाही आणि त्याबरोबर त्या कामाला बांधलेले गाणेही रिकामे झाले. १९६० साली पंधरा वर्षांचा असलेला आणि वल्हे हाती धरलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. शब्द विसरलेला असला, तरी ओढ कुठे पडत असे हे त्याच्या खांद्यांना ठाऊक असते. ही साक्ष शब्दांच्या साक्षीहून अधिक विश्वसनीय ठरते, आणि ओळखण्याची सुरुवात तिच्यापासूनच करणे इष्ट.

वल्हवण्याच्या एका फेऱ्यात चार अवस्था असतात. वल्ह्याचे पाते पाण्यात शिरते, पाणी धरून ओढ दिली जाते, पाते बाहेर येते आणि वल्हे हवेतून पुन्हा पुढे जाते. वल्हे होडीच्या काठावरील खुंटीला दोरीने अडकवलेले असते आणि वल्हेकरी पाठीकडे झुकून ते छातीशी आणतो. जड होडी दीर्घकाळ वल्हवायची असेल, तर मिनिटाला साधारण वीस ते तीस फेरे हीच टिकणारी गती होय. शर्यतीत ती चाळिसाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते, पण तो काही मिनिटांचा खेळ असतो. म्हणजे रोजच्या कामात एक फेरा दोन ते तीन सेकंदांचा. त्यातील ओढ आखूड आणि जोराची, परतीची हालचाल त्याहून लांब आणि सैल. वल्हवण्याच्या गाण्याची सारी घडण या विषम विभागणीतून येते.

ओढ देताना पोट आवळलेले असते, त्यामुळे त्या क्षणी लांबलचक शब्द उच्चारता येत नाही. येतो तो एखादा ठसठशीत अक्षरध्वनी. श्वास परतीच्या वेळी मोकळा होतो, आणि शब्दांना किंवा लांबवलेल्या स्वराला जागा तिथे मिळते. ‘हैया हो’ ही सर्वांच्या परिचयाची आरोळी नमुन्यादाखल घ्यावी. तिचे सहा मात्रांत वाटप केले, तर ‘है’वर ओढ पडते, ‘या’पाशी पाते सुटते आणि ‘हो’ हा परतीभर लांबत जातो. तीच आरोळी समान तुकड्यांत, टाळीच्या तालावर म्हटली, की ती मिरवणुकीची होते. अक्षरे तीच, पण वल्हे नाहीसे झालेले असते.

वल्हेकरी अनेक असतील तर सर्वांची पाती एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकाचे वल्हे मागे राहिले, तर ते पुढच्याच्या वल्ह्यावर आदळते आणि होडीचे तोंड वळते. हा एक क्षण सर्वांना दाखवून देणे, हे गाण्याचे काम. म्हणूनच अशा गाण्यात दोन आवाज असतात. तांडेल किंवा एखादा गळ्याचा खलाशी ओळ टाकतो आणि बाकीचे पालुपद उचलतात. ओळ टाकणारा प्रसंगानुसार शब्द बदलतो, कोणाची थट्टा करतो, समोर दिसणाऱ्या डोंगराचे नाव घेतो, देवीला साद घालतो. पालुपद मात्र तेच राहते. स्मृतीत पालुपद उरते आणि कडवी जातात, याचे कारण इथे आहे. पालुपद प्रत्येकाने शेकडो वेळा म्हटलेले असते. कडवी एकाच्याच मुखात होती आणि तीही रोज निराळी.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, जी हौशी संग्राहकांच्या लक्षात उशिरा येते. गाणे ‘कोणते’ हे सांगण्यासाठी पालुपद हा कच्चा पुरावा आहे, कारण तेच हुंकार एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात सहज जातात. गाणे ‘कोणत्या कामाचे’ हे सांगण्यासाठी मात्र त्याच्याइतका पक्का पुरावा नाही. म्हणून आधी काम निश्चित करावे, नाव मागाहून शोधावे.

रापणीचे उदाहरण यासाठी फार उपयुक्त आहे, कारण त्यात एकाच सकाळी, एकाच मंडळींकडून, दोन भिन्न ठेके चालत. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाई, अर्धवर्तुळात जाळे सोडत पुढे सरके आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागे. हा भाग वल्ह्यांचा. त्यानंतर वाळूवर दोन रांगा उभ्या राहत आणि दोन्ही दोर ओढून जाळे हळूहळू किनाऱ्याकडे आणले जाई. हा भाग पायांचा आणि पाठीचा. वल्ह्याला परतीची हालचाल असते, दोराला ती नसते. दोर ओढल्यावर माणूस पकड बदलतो, टाच वाळूत रोवतो, लाटेचा अंदाज घेतो आणि मग पुढची ओढ देतो. त्यामुळे दोन ओढींमधील विराम कमीजास्त होतो. लाट मागे खेचत असेल तर लांबतो, पुढे येत असेल तर आखडतो. दोराच्या गाण्यात पालुपद बहुधा एका आरोळीइतके तुटक असते आणि तिच्यानंतर खरीखुरी शांतता असते. वल्ह्याच्या गाण्यात शांतता नसते, कारण तिथे ओढून धरलेला स्वर परतीची वाट भरून काढतो. आठवणारी व्यक्ती पालुपदानंतर दर वेळी सारखाच थांबते की अडखळत, निराळ्या अंतराने थांबते, एवढे ऐकले तरी होडी आणि वाळू यांतील फरक बराचसा उलगडतो.

बंगालमधील परंपरेने हा भेद नावानेच जपला आहे. प्रवाहाच्या ओघात नाव सोडून दिलेली असताना एकटा नावाडी जे गातो ती भाटियाली. तिच्यात ठेका जवळजवळ नसतो, स्वर हवा तितका लांबतो. अनेकांनी मिळून वल्हवताना गायचे ते सारी गान. त्यात ठेका हेच सर्वस्व. दोन्ही नदीवरची, दोन्ही नावाड्यांची, तरी कोणीही बंगाली रसिक त्यांची गल्लत करणार नाही. मराठीत ‘कोळीगीत’ हा एकच शब्द सर्वांना पुरवला जातो आणि घोटाळ्याला तेथून प्रारंभ होतो.

गोव्यातील वाचकाला या घोटाळ्याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे ‘हांव सायबा पलतडी वेतां’ हे देखणी गीत. या रचनेचे श्रेय कार्लुस एउजेनियो फेरेरा (१८६०–१९३२) यांना दिले जाते. नदीपलीकडे दामूच्या लग्नाला निघालेल्या कलावंतिणी तारव्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करतात, अंगावरचे दागिने देऊ करतात आणि तारवी आढेवेढे घेतो, असा त्याचा प्रसंग. १९७३ साली राज कपूर यांच्या ‘बॉबी’ चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ही चाल आणि तिचे पालुपद ‘ना माँगूँ सोना चाँदी’ या गाण्यात घेतले. त्या चित्रपटातील नायिका गोव्यातील मच्छीमाराची मुलगी आहे. त्यामुळे देशभरातील श्रोत्यांच्या मनात ते पालुपद मासेमारांचे म्हणून रुजले, आणि पुष्कळांना आज ते ‘होडीतले जुने गाणे’ म्हणून आठवते.

ओळखीच्या कसोट्या लावल्या, तर ते तसे नाही हे चटकन कळते. पहिली कसोटी म्हणजे बोलणारा कोण. येथे तारव्याला साद घातली आहे. म्हणजे गाणारी व्यक्ती प्रवासी आहे, तिच्या हातात वल्हे नाही. दुसरी कसोटी अंगाच्या हालचालीची. ते गाणे म्हणताना माणसाचे पाय हलतात, पाठ नव्हे, कारण देखणी ही नर्तनासाठी रचलेली, घुंगरांच्या आणि घुमटाच्या साथीची गोष्ट आहे. तिसरी कसोटी पालुपदाच्या रचनेची. त्यात एकच आखूड शब्द लागोपाठ, सारख्या अंतराने येतो. प्रत्येक शब्दावर वल्हे ओढायचे म्हटले, तर परतीला वेळच उरत नाही. होडीविषयीचे गाणे आणि होडीचे गाणे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यामुळे देखणीचे मोल तिळमात्र कमी होत नाही.

‘मी डोलकर’ या लोकप्रिय गीताचीही गोष्ट अशीच. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर, अशी त्याची ज्ञात निर्मिती आहे. डोल जाळ्याने मासे धरणारा तो डोलकर, हे नाव खास कोळीवाड्यातले आहे, आणि चालीचे झुलणेही तेथलेच वाटते. परंतु घरातील वृद्धेने त्यातले पालुपद गुणगुणले, तर ते आजोबांच्या होडीतून नव्हे, रेडिओवरून आले असण्याची शक्यता अधिक. ध्वनिमुद्रिकांवरील कोळीगीतांना बहुधा ढोलकीचा सहा मात्रांचा हिंदोळा असतो. वल्ह्याची विषम विभागणी त्या सहा मात्रांत चपखल बसते हे खरे. पण त्याच सहा मात्रांवर फुगडी चालते, नाचही चालतो. केवळ ‘ठेका सहाचा आहे’ एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

अर्धवट आठवणीतून होडीचे गाणे कसे वाचते आणि कसे बदलतेही, याचा एक नोंदलेला दाखला स्कॉटलंडमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ॲनी मॅक्लाउड या स्काय बेटावर होडीतून जात असताना वल्हेकऱ्यांनी गेलिक भाषेतील एक वल्हवण्याचे गाणे म्हटले. अशा गाण्यांना त्या भाषेत ‘इरम’ असे स्वतंत्र नाव आहे. मॅक्लाउड यांनी त्याचा आठवेल तेवढा भाग नंतर टिपून ठेवला. पुढे हॅरल्ड बोल्टन यांनी त्या चालीवर राजपुत्र चार्ल्सच्या पलायनाचे इंग्रजी शब्द बसवले आणि १८८४ साली ते गीत छापले गेले. ‘स्काय बोट साँग’ म्हणून ते आज जगभर गायले जाते. मूळचे गेलिक शब्द बाजूला पडले, विषय बदलला, मात्र मोठ्या झोक्यासारखी ओढ आणि परत चालीत राहिली. उलट बाजूचा दाखला रशियातला. बालाकिरेव यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेले ‘व्होल्गाच्या नावाड्यांचे गाणे’ म्हणून जे ओळखले जाते, ते वल्हेकऱ्यांचे नाहीच. काठावरून चालत, छातीला पट्टा लावून नौका ओढणाऱ्या मजुरांचे ते गाणे आहे. त्याचा जड, पावलागणिक पडणारा ठेका ऐकला की नावातली चूक ध्यानात येते.

नद्यांवर तर वल्हे हेच गृहीत धरता येत नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात किरनापूरच्या परिसरात, वैनगंगा आणि बाघ यांच्या खोऱ्यात, मराठी सीमेपलीकडेही ऐकू येते आणि ढिवर-ढिमर समाजाची मासेमारी नदी-तलावांवर चालते. उथळ पाण्यातला डोंगा बांबूने तळ रेटून पुढे नेता येतो. बांबू रोवणे, त्यावर भार देणे, तो उपसून पुन्हा उचलणे हे एकट्याचे काम आहे. त्याला दुसऱ्याशी जुळवून घ्यायचे नसते आणि म्हणून उत्तरादाखल उचललेल्या पालुपदाची गरजही नसते. तिकडच्या एखाद्या कुटुंबात सामूहिक पालुपद आठवत असेल, तर ते डोंग्याऐवजी जाळे ओढण्याचे किंवा एखाद्या विधीचे आहे का, हे आधी तपासावे लागेल. किनाऱ्यावरची कसोटी जशीच्या तशी नदीवर लावणे चुकीचे ठरते.

आता प्रत्यक्ष पडताळणी कशी करावी, ते एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या प्रसंगावरून पाहता येईल. समजा, एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना चार हुंकारांचे पालुपद आठवते. त्यांना खुर्चीऐवजी बुटक्या पाटावर बसवावे, पाय टेकायला समोर काहीतरी द्यावे आणि हातात केरसुणीच्या दांड्याएवढी काठी द्यावी. ध्वनिमुद्रण आधीपासून सुरू ठेवावे, कारण पहिल्या प्रयत्नातले झुलणे सर्वांत निर्मळ असते. शब्द सुचवू नयेत. ‘असेच होते का?’ असे विचारून दुसरे गाणे ऐकवले, की त्या क्षणापासून साक्ष गढूळ झाली असे समजावे.

त्यांनी पालुपद पाच वेळा म्हटले आणि त्याला पंचवीस सेकंद लागले. म्हणजे एक पालुपद पाच सेकंदांचे. प्रत्येकात दोन ठळक आघात ऐकू येतात. म्हणजे एका आघातापासून दुसऱ्यापर्यंत अडीच सेकंद, मिनिटाला चोवीस फेरे. ही जड होडीची स्वाभाविक गती झाली. तरीही तेवढ्यावर थांबू नये. घरात बसून गाणारा माणूस कामापेक्षा संथ गातो, उत्साहात आला तर जलद गातो. म्हणून गतीपेक्षा प्रमाण महत्त्वाचे. अडीच सेकंदांपैकी आखूड, जोराचा भाग एक सेकंदाचा आणि लांबवलेला स्वर दीड सेकंदाचा, असे प्रमाण निघाले, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा गायला सांगावे. त्या दिवशी पालुपदाला सहा सेकंद लागले, पण आखूड-लांब यांचे प्रमाण तेच राहिले, तर ठेका शरीरातून येत आहे. प्रमाण सपाट होऊन दोन्ही भाग सारखे झाले, तर पाळण्याचे गीत किंवा अंगाईचा संशय घ्यावा, कारण पाळणा दोन्हीकडे सारखाच जातो. आघात कुठेच न जाणवता स्वर गोल फिरत राहिला, तर जात्यावरची ओवी आठवून पाहावी.

यानंतर काठीकडे पाहावे. आघाताच्या क्षणी हात छातीकडे येत असतील, तर ते वल्हे आहे. हात पुढे जाऊन थबकत असतील, तर दोर असू शकतो. मग एकच प्रश्न विचारावा, ‘सुरुवात कोण करी?’ या प्रश्नाने अनेकदा कडव्याचे दार किलकिले होते. मामा करीत, तांडेल करी, असे उत्तर आले की त्या माणसाच्या आवाजाबरोबर एखादा शब्दही वर येतो. तो बहुधा डोंगराचे, खडकाचे किंवा देवीचे नाव असतो. कार्ल्याची एकवीरा ही अनेक कोळी कुळांची कुलदेवी असल्याने तिच्या नावावरून गाव ठरत नाही; मात्र एखाद्या स्थानिक खडकाचे किंवा भूशिराचे नाव आले, तर शोधाचा परीघ एका बंदराएवढा लहान होतो. ‘नाखवा’ ही हाक गाणारा होडीवरचा असल्याचे सुचवते, ‘तारवी’ ही हाक बहुधा तो उतारू असल्याचे. एवढा तपशील हाती घेऊन त्याच बंदरातील दुसऱ्या कुटुंबाकडे जावे आणि तेथे आपले ध्वनिमुद्रण न ऐकवता केवळ काठी द्यावी. दोन घरांत, एकमेकांचे न ऐकता, तोच आघात आणि तेच पालुपद आले, म्हणजे ओळख पटली असे म्हणता येते. पालुपद जुळले आणि आघात जुळला नाही, तर एकाच पालुपदाची दोन गाणी आहेत, अशी नोंद करणे प्रामाणिकपणाचे.

लिहून ठेवताना हुंकारांना अर्थ देण्याचा मोह टाळावा. ‘होय’, ‘हो’, ‘हे’ यांतील फरक ऐकू येतो तसाच लिहावा, ओढ पडते त्या अक्षराखाली रेघ द्यावी आणि लांबवलेल्या स्वरापुढे तो किती मात्रा चालतो तो आकडा घालावा. शुद्ध शब्द करून लिहिलेले पालुपद वाचायला सुरेख दिसते, पण त्यावरून पुन्हा वल्हवता येत नाही. आणखी एक साधी नोंद बहुतेक वेळा राहून जाते, ती म्हणजे होडीत वल्ही किती होती. दोन वल्ह्यांच्या होडीत पालुपद उचलणारे एक-दोघेच असतात आणि ते हळू आवाजात, जवळजवळ गप्पांसारखे चालते. सहा-आठ वल्ह्यांच्या रापणीच्या होडीत तेच पालुपद लाटांच्या आवाजावर चढवावे लागे. आठवणारा गृहस्थ पालुपद मोठ्याने म्हणतो की ओठांतल्या ओठांत, हे कोणी विचारत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र ते पहिल्या सेकंदापासून ऐकू येत असते.